हसू सभागृहाचे, टाळी आपली : रोस्टला बसलेल्या प्रेक्षकाने कसे वागावे

मे २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडी याचा रोस्ट नेटफ्लिक्सवर थेट दाखवला गेला. काही तास एकामागून एक माणसे उभी राहून त्याच्या खेळाची, रूपाची आणि मोडलेल्या संसाराची थट्टा करत होती, सभागृह दणाणत होते आणि तो स्वतःही हसत होता. नंतर एका मुलाखतीत त्याने सांगितले की, स्वतःवरचे विनोद त्याला आवडले होते, पण त्या सगळ्याचा आपल्या मुलांवर जो परिणाम झाला तो आवडला नाही. तेव्हापासून मला अनेकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे : समोरचा माणूस हसतो आहे, सगळे हसत आहेत, मग आपण हसलो तर चुकले कुठे? प्रश्न रास्त आहे. कार्यक्रम चांगला की वाईट याची चर्चा पुष्कळ होते, पण खुर्चीवर बसलेल्या माणसाने काय करायचे असते, हे कोणी सांगत नाही.

रोस्ट म्हणजे मुळात सत्कार

रोस्ट या शब्दाचा अर्थ भाजणे. एका माणसाला मंचावर बसवायचे आणि त्याच्या ओळखीच्यांनी एकेक करून त्याची खरपूस थट्टा करायची, असा हा प्रकार आहे. ज्याची थट्टा होते त्याला मी या लेखात सत्कारमूर्ती म्हणणार आहे, आणि हा शब्द मी विचारपूर्वक निवडला आहे, कारण रोस्टचा सांगाडा सत्काराचाच असतो. मधोमध मानाची खुर्ची असते, शेजारी वक्त्यांची रांग असते, सूत्रसंचालक असतो आणि शेवटी सत्कारमूर्तीचे उत्तराचे भाषण असते. फरक इतकाच की, स्तुती उलट्या कपड्यांत येते.

हा प्रकार रुजवला तो न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबने. ही रंगकर्मींची संस्था १९०४ मध्ये निघाली आणि गेल्या शतकाच्या मध्यापासून तिचे रोस्ट प्रसिद्ध झाले. आम्ही ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांनाच भाजतो, या अर्थाचे तिचे वाक्य प्रसिद्ध आहे. ते कार्यक्रम बराच काळ बंद दाराआड होत. बोलणारे, ऐकणारे आणि ज्याच्यावर बोलले जाई तो, असे सगळे एकमेकांना ओळखत असल्यामुळे शब्द कितीही जहाल असला तरी त्यामागची माया सगळ्यांना ठाऊक असे. पुढे कॅमेरा आला आणि अनोळखी प्रेक्षक आला. त्याला शब्द ऐकू येतात, पण त्यामागचे नाते त्याच्या समोर नसते. प्रेक्षकाच्या शिष्टाचाराचा प्रश्न या बदलातून निर्माण झाला आहे.

नाते नसले की काय होते, याचे एक उदाहरण २००२ मधले आहे. विनोदी अभिनेता चेव्ही चेस याच्या रोस्टला वक्त्यांच्या रांगेत त्याचे जुने सोबती फारच थोडे होते, बाकीचे त्याला जेमतेम ओळखणारे होते. तो काळा चष्मा लावून बराच वेळ निश्चल बसून राहिला. शब्द इतर रोस्टपेक्षा फार वेगळे नव्हते, पण सत्कार मात्र उरला नव्हता. म्हणून रोस्टला गेल्यावर मी प्रथम वक्त्यांच्या रांगेकडे पाहतो. सत्कारमूर्ती त्यांच्यापैकी किती जणांकडे वळून काही बोलतो आहे, कोण त्याच्या खांद्यावर हात ठेवून जाते आहे, एवढ्यावरून पुढच्या तासाभराचा अंदाज येतो.

हसणे वेगळे, दाद देणे वेगळे

माझे मुख्य म्हणणे असे आहे की, प्रेक्षक दोन निरनिराळ्या गोष्टी करत असतो आणि आपण त्या एकच समजतो. पहिली गोष्ट हसणे, दुसरी टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या आणि ‘वन्स मोअर’.

हसू बहुतांशी आपोआप फुटते. वाक्य एका दिशेने चाललेले असते, शेवटच्या शब्दाला ते अनपेक्षित वळण घेते आणि विचार करण्याआधीच आपण हसून मोकळे होतो. त्यातून हसू संसर्गजन्य असते. रॉबर्ट प्रोवाइन या मेंदूशास्त्रज्ञाने हसण्याचा प्रत्यक्ष निरीक्षणाने अभ्यास केला, तेव्हा माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक इतरांच्या सोबतीत हसतो, असे त्याला आढळले. पाचशे माणसांच्या अंधाऱ्या सभागृहात आपले हसू पूर्णपणे आपले नसते, ते काही अंशी शेजाऱ्याचे असते. पावसात भिजलेल्या माणसाला तू ओला का झालास असे विचारून उपयोग नसतो, तसेच पहिल्या क्षणाच्या हसण्याबद्दल कोणाला जाब विचारण्यात अर्थ नाही.

टाळी तशी नसते. टाळीसाठी हात उचलावे लागतात, शिट्टीसाठी बोटे तोंडाशी न्यावी लागतात, आणि ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणण्यासाठी तर शब्द निवडावा लागतो. हसून झाल्यावर आणि टाळी वाजण्यापूर्वी अर्धा-एक सेकंद जातो. तो छोटा असला तरी निर्णयाला पुरतो. शिवाय दोन्हींचा अर्थही वेगळा असतो. ‘हे वाक्य मला गमतीदार वाटले’ असे हसणारा म्हणत असतो, तर ‘हे खरे आहे, मला पटले, आणखी येऊ दे’ असे जोराने ओरडून दाद देणारा म्हणत असतो. चांगल्या विनोदाला हशाबरोबर टाळीही पडते आणि त्यात काही वावगे नाही. पण ज्या वाक्याला हशा जेमतेम आणि आरोळ्या मात्र दणदणीत येतात, त्या वाक्यात बहुधा विनोद नसतो. त्यात एक अपमान असतो, आणि तो ऐकायची सभागृहातल्या काही जणांची आधीपासूनच इच्छा असते. कानांनी ओळखता येईल अशी, मला माहीत असलेली ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

‘अरेरे’ कशासाठी असते?

रोस्टमध्ये तिसराही एक आवाज येतो. वक्त्याने फारच धारदार काही म्हटले की सगळे सभागृह एकदम ‘ओऽऽ’ असा आवाज काढते. त्यात थोडी कळ असते, थोडे हसू असते, आणि ‘हे बोललास कसे?’ असे कौतुकमिश्रित आश्चर्यही असते. इंग्रजीत त्याला ‘ग्रोन’ म्हणतात, मी त्याला ‘अरेरे’ म्हणतो.

पुष्कळांना वाटते की ‘अरेरे’ म्हणजे निषेध. तसे नाही. रोस्टमध्ये ती सभागृहाने दिलेली मापाची पट्टी असते. वजनकाट्याचा काटा जसा माल वाईट आहे असे म्हणत नाही, फक्त वजन किती ते दाखवतो, तसा हा आवाज वक्त्याला कळवतो की वाक्य सीमेवर पोहोचले आहे. जाणता विनोदकार त्याची वाटच पाहत असतो. तो क्षणभर थांबतो, सत्कारमूर्तीकडे पाहतो आणि लगेच एक हलके वाक्य टाकून ताण उतरवतो. या जोडवाक्याला ते लोक ‘टॅग’ म्हणतात. म्हणून ‘अरेरे’ एकदाच, छोटे आणि सगळ्यांबरोबर असावे. आपण किती संवेदनशील आहोत हे शेजाऱ्यांना कळावे म्हणून ते लांबवत बसणे हाही असभ्यपणाच आहे, कारण त्यामुळे पुढचे वाक्य बुडते आणि लक्ष सत्कारमूर्तीवरून आपल्याकडे येते.

२९ सप्टेंबर २००१ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये ‘प्लेबॉय’ मासिकाचे संस्थापक ह्यू हेफनर यांचा रोस्ट होता. जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. विनोदकार गिल्बर्ट गॉटफ्रीड याने सांगितले की त्याला विमानाने कॅलिफोर्नियाला जायचे आहे, पण थेट विमान मिळत नाही, वाटेत एम्पायर स्टेट बिल्डिंगला थांबावे लागेल असे म्हणतात. सभागृहाने श्वास रोखला, मग नाराजीचे आवाज उठले आणि कोणीतरी ओरडले, ‘टू सून!’, म्हणजे इतक्यात नको. गॉटफ्रीडने पुढे सांगितले आहे की, विनोदाची मांडणी आणि शेवटचा शब्द यांच्यामधला थांबा कमी पडला, असा त्या ओरडण्याचा अर्थ त्याला प्रथम वाटला होता. सभागृह हातचे गेले आहे हे ओळखून त्याने विषय सोडला आणि विनोदकारांच्या पडद्यामागे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक अत्यंत अचकटविचकट किस्सा सुरू केला. थोड्याच वेळात तेच लोक पोट धरून हसत होते.

हा प्रसंग मला प्रेक्षकांच्या वागण्याचा उत्तम नमुना वाटतो. त्यांनी वाक्य नाकारले, पण माणसाला नाकारले नाही. नाराजी तत्काळ आणि थोडक्यात व्यक्त झाली, आणि वक्त्याने दिशा बदलताच त्यांनी मनात काही न ठेवता त्याला पुन्हा ऐकून घेतले. याच्या उलट, ब्रेडीच्या रोस्टमध्ये किम कार्दाशियन बोलायला उभी राहिली तेव्हा विनोद पुरता सुरू होण्याआधीच प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. ती प्रतिक्रिया कोणत्याही वाक्याला नव्हती, ती थेट व्यक्तीला होती. वाक्य ऐकण्यापूर्वी दिलेला कौल, मग तो हुर्योचा असो वा जयजयकाराचा, रोस्टमध्ये चुकीचाच असतो.

एकाच संध्याकाळचे दोन विनोद

काही वर्षांपूर्वी मी एका सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या रोस्टला होतो. साठेक माणसे होती आणि सात वक्ते होते. सत्कारमूर्तींच्या दोन गोष्टी सर्वांना ठाऊक होत्या : ते कुठेही वेळेवर येत नसत, आणि बोलताना ते अडखळत.

पहिला वक्ता म्हणाला, “खरे तर यांची निवृत्ती दोन वर्षांपूर्वीच होती, पण यांना पोहोचायला उशीर झाला.” सभागृह खळखळून हसले आणि सत्कारमूर्ती सर्वांआधी हसले. हा विनोद का चालला ते पाहा. उशिरा येणे ही त्यांची सवय होती, तिच्याबद्दल ते स्वतःही बोलत, आणि ती बदलणे त्यांच्या हातात होते. दुसरे म्हणजे वाक्यात वळण होते. उशिरा येण्याचा दोष त्यात दोन वर्षांच्या जादा सेवेत रूपांतरित झाला होता, आणि हसताना आपण त्या सेवेचीही दखल घेत होतो.

चौथ्या वक्त्याने त्यांच्या अडखळण्याची नक्कल केली. त्यात वाक्य नव्हते, वळण नव्हते, फक्त नक्कल होती. हुबेहूब असल्यामुळे हसू फुटले, आणि त्या पहिल्या हशाबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पण मागच्या टेबलांवरून शिट्ट्या आल्या, कोणीतरी “पुन्हा! पुन्हा!” ओरडले, आणि त्याने पुन्हा केली, या वेळी जास्त लांबवून. पहिली नक्कल वक्त्याची होती. दुसरी आम्ही मागवलेली होती. मीही टाळ्या वाजवत होतो, आणि वाजवता वाजवता माझे लक्ष सत्कारमूर्तींच्या हातांकडे गेले. चेहऱ्यावर हसू जसेच्या तसे होते. हातात कार्यक्रमपत्रिका होती आणि ते तिची घडी घालत होते, मग घडीची घडी, मग तिचीही घडी, आणि कागद आणखी दुमडेना तेव्हा ते तो मुठीत धरून बसले.

अडखळण्यावर विनोद करताच येत नाही, असे माझे म्हणणे नाही. त्याच संध्याकाळी शेवटची वक्ती म्हणाली, “वीस वर्षे मी यांच्याशी वाद घातला आणि एकदाही जिंकले नाही, आणि यांना एकदाही वाक्य पूर्ण करावे लागले नाही.” विषय तोच होता, उल्लेख तितकाच उघड होता, सभागृहातून आधी ‘अरेरे’ आले आणि पाठोपाठ मोठा हशा. पण या वाक्यात अडखळणारा माणूस जिंकतो आणि बोलणारी हरते. विनोदाच्या अभ्यासकांमध्ये एक उपपत्ती मान्यता पावलेली आहे. तिच्यानुसार एखादा संकेत मोडला जातो आणि त्याच क्षणी कोणाला खरी इजा झाली नाही हेही जाणवते, तेव्हा हसू येते. नकलेत संकेत मोडला होता, पण इजा झाली नाही हे सांगणारे काही त्यात नव्हते. शेवटच्या वाक्यात ते होते.

‘पण त्यांनी स्वतःच होकार दिला होता ना?’

हा आक्षेप सर्वाधिक येतो आणि त्यात तथ्य आहे. होकाराशिवाय झालेला रोस्ट हा रोस्टच नव्हे. मोठ्या कार्यक्रमांमध्ये कोणते विषय टाळायचे हे सत्कारमूर्तीला अनेकदा आधी विचारलेही जाते. पण कोणताही होकार मर्यादित असतो. तो थट्टेला दिलेला असतो, इच्छेविरुद्ध लांबवलेल्या नकलेला नव्हे. आणि तो फक्त स्वतःपुरता असतो. ब्रेडीने होकार दिला होता, त्याच्या मुलांना कोणी विचारले नव्हते. तेव्हा वक्ता सत्कारमूर्तीला सोडून त्याच्या घटस्फोटित जोडीदाराकडे, मुलांकडे किंवा तो ज्या समाजगटातून येतो त्या गटाकडे वळला, की हे लक्षात ठेवावे की ज्यांच्यावर बोलले जाते आहे ती माणसे मानाच्या खुर्चीवर बसलेली नाहीत आणि त्यांना शेवटी उत्तर द्यायला माइकही मिळणार नाही. तिथे हसू आले तर आले, हात मात्र मांडीवरच असावेत.

समाजगटांवरच्या विनोदाबाबत आणखी एक कारण आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांमधून असे दिसले की, हिणवणारे विनोद ऐकल्याने सगळे श्रोते बिघडत नाहीत, पण ज्यांच्या मनात त्या गटाविषयी आकस आधीच असतो त्यांना तो आकस उघड करायला मोकळीक मिळाल्यासारखे वाटते. ही मोकळीक वक्ता एकटा देत नाही. सभोवारच्या माणसांनी ते चालवून घेतले, हे त्यांना दिसते. आपली टाळी शेजारच्या माणसाला नेमके हेच सांगत असते.

‘मग सतत सत्कारमूर्तीच्या तोंडाकडे पाहत बसायचे का?’

नाही, तसे केले तर ना त्याला आनंद मिळेल ना आपल्याला. शिवाय तोंडावरून कळतेही कमी, कारण कॅमेऱ्यासमोर आणि माणसांसमोर हसत राहणे हे सत्कारमूर्तीचे कामच असते. मी दोनच गोष्टी पाहतो. एक म्हणजे क्रम : तो सभागृहाच्या आधी किंवा बरोबर हसतो आहे, की सभागृह हसल्यावर मागून हसू लावतो आहे. दुसरे म्हणजे शरीर : मनापासून हसणारा माणूस हलतो, मागे रेलतो, शेजाऱ्याला धरतो, वक्त्याकडे बोट दाखवतो. ज्याचा चेहरा हसतो आहे आणि खांदे स्थिर आहेत, त्याला बहुधा लागलेले असते. या खुणा अचूक नाहीत आणि एखादा माणूस मुळातच अबोल असू शकतो. पण दर विनोदाला एक ओझरती नजर टाकली तरी संध्याकाळच्या ओघात फरक दिसू लागतो.

घरी बसून पाहणाऱ्याला हा आधार नसतो. १९७०च्या दशकात दूरचित्रवाणीवर गाजलेल्या डीन मार्टिन यांच्या रोस्टमध्ये लोक हसतानाची दृश्ये संकलनात जोडली जात, त्यामुळे पडद्यावर हसणारा माणूस त्याच वाक्याला हसला असेल असे नव्हते. आजच्या छोट्या क्लिपमध्ये तर आधीचा ताण आणि नंतरचा टॅग दोन्ही कापलेले असतात आणि उरते फक्त सर्वांत जहाल वाक्य. अशी क्लिप पुढे पाठवणे ही माझ्या मते टाळीचीच दूरवर जाणारी आवृत्ती आहे, आणि खासगी रोस्टचे चित्रण सत्कारमूर्तीला न विचारता पसरवू नये, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

‘सगळे ओरडत असताना मी एकटा गप्प बसून काय होणार?’

वाटते त्यापेक्षा बरेच काही होते. मंचावरच्या माणसाला दिव्यांमुळे चेहरे फारसे दिसत नाहीत, तो कानांवर चालत असतो. हशा चढतो, शिखरावर जातो आणि उतरू लागला की तो पुढचे वाक्य सुरू करतो. टाळ्या आल्या तर तो त्या विषयावर रेंगाळतो, शांतता आली तर पुढचा कागद उलटतो. साठ माणसांच्या दालनात दहा-बारा जणांनी हात थांबवले तरी तो फरक त्याला ऐकू जातो. ओरडून अडवणे हा मात्र अगदी शेवटचा उपाय आहे. त्यामुळे वक्ता चिडून प्रतिहल्ला करतो आणि सत्कारमूर्तीला दोघांच्या मध्ये सापडल्यासारखे होते. ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणणारा आपल्याच टेबलावर असेल तर त्याच्या दंडाला हात लावून हळूच ‘बस झाले’ म्हणणे अधिक उपयोगी पडते. मी त्या संध्याकाळी तेही केले नाही.

दाद राखून ठेवण्याची एक जागा मात्र ठरलेली आहे. रोस्टच्या शेवटी सत्कारमूर्ती उत्तर द्यायला उठतो. तोपर्यंत प्रेक्षक थकलेले असतात, काही जण निघण्याच्या तयारीत असतात आणि ओरडून घसे बसलेले असतात. आमचे सहकारी उठले तेव्हा मागची दोन टेबले जवळजवळ रिकामी झाली होती. त्यांनी मुठीतला कागद उलगडायला घेतला, त्याला बराच वेळ लागला, आणि तो सरळ करत ते म्हणाले, “थांबा, उ... उ... उशीर होतोय, पण येतोय.” हशा मोठा झाला. त्यानंतर ते बारा मिनिटे बोलले, प्रत्येक वक्त्याला नाव घेऊन चिमटा काढला, नक्कल करणाऱ्यालाही, आणि एकदाही कोणी त्यांचे वाक्य त्यांच्याआधी पूर्ण केले नाही.